जोडप्याचं समुपदेशन: मला पटत नाही, पण जायचं ठरलंय. पहिल्या चार भेटींत नक्की काय होतं?

तिरकस_कोन

बायकोचं म्हणणं आहे की दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जावं. मला त्यात फारसा अर्थ दिसत नाही. तिऱ्हाईत माणूस तासाभरात आमच्याबद्दल काय ठरवणार? पण भांडण टाळायला हो म्हणालोय. सुचवलेली तीन नावं समोर आहेत आणि "निवड तू कर" असं मला सांगितलंय.

मला दोनच गोष्टी हव्यात. एक, या तिघांतून निवडायचं कशावर? दुसरं, पहिल्या काही भेटींत काय होतं, आणि हा माणूस कामाचा नाही हे मला किती लवकर कळेल? "मन मोकळं करा, विश्वास ठेवा" छापाचं उत्तर नको.

गुलबक्षी

विश्वास नसताना जाणारे तुम्ही एकटे नाही. पुष्कळ जोडप्यांत एकाला यायचं असतं आणि दुसऱ्याला ओढून आणलेलं असतं, त्यामुळे हे काम करणाऱ्यांना त्यात नवल वाटत नाही. फक्त खर्च आधी विचारून घ्या.

चौथा_कोनाडा

तिरकस_कोन, निवड तुमच्याकडे आली हे चांगलंच झालं. ज्याचा विश्वास नाही त्याने निवडलेला समुपदेशक जास्त टिकतो, कारण "तुझा माणूस" हा आरोप पहिल्याच दिवशी गळून पडतो.

तिघांनाही फोन करा. बरेचजण पंधरा-वीस मिनिटं प्राथमिक बोलतात. त्या वेळात तुमचं भांडण सांगत बसू नका, त्यांचं काम समजून घ्या. पहिला प्रश्न: "तुमच्या कामात जोडपी किती?" एकेकट्या माणसासोबत उत्तम काम करणारे पुष्कळ असतात, आणि जोडपं आलं तरी तेच कौशल्य वापरतात. तिथे सगळं बिघडतं. एकट्याच्या थेरपीत समोरच्याची बाजू धरणं योग्य असतं. दोघं समोर असताना तीच सवय राहिली, तर जो जास्त बोलतो त्याच्याकडे काटा झुकतो. आठवड्याला एखादंच जोडपं बघणारा आणि निम्म्याहून अधिक काम जोडप्यांचं असणारा, यात फरक पडतो.

दुसरा: "कुठल्या पद्धतीने काम करता आणि ती शिकलात कुठे?" नुसतं "मी सगळ्या पद्धती थोड्या थोड्या वापरतो" हे उत्तर पुरेसं नाही. गॉटमन पद्धत, इमोशनली फोकस्ड थेरपी, इंटिग्रेटिव्ह बिहेवियरल कपल थेरपी यांपैकी एखादं नाव यावं. त्यापुढे "किती टप्प्यांचं प्रशिक्षण झालं आणि तुमचं काम कुणी अनुभवी माणूस तपासत होता का?" हेही विचारा. दोन दिवसांची कार्यशाळा आणि वरिष्ठाच्या देखरेखीखाली वर्षभर केलेलं काम या वेगळ्या गोष्टी आहेत.

एक गंमत सांगतो. इमोशनली फोकस्ड थेरपीचं इंग्रजी लघुरूप आणि बोटांनी शरीरावर टिचक्या मारायच्या एका तंत्राचं लघुरूप एकच आहे, ईएफटी. कार्डावर ही तीन अक्षरं दिसली तर कुठली ते विचारा. पहिली दोघांच्या नात्यावर काम करते, दुसरीचा जोडप्याशी थेट संबंध नाही.

तिसरा प्रश्न नंतर लिहितो, तो जरा मोठा आहे.

शाईपुसणं

पण हे सगळे शेवटी तडजोडच करायला लावतात ना? मालमत्ता, मुलांचा ताबा, कोण कुठे राहणार वगैरे. त्यासाठी आधी वकिलाशी बोलणं बरं, नाहीतर तिथे काही कबूल केलंत तर अडकाल.

चौथा_कोनाडा

शाईपुसणं, तुम्ही मध्यस्थीबद्दल बोलताय. मध्यस्थ वेगळं व्हायचं ठरलेल्यांच्या अटी जुळवतो. समुपदेशक अटी लिहीत नाही आणि निवाडाही देत नाही. इथे अजून कुणी वेगळं व्हायचं म्हणालेलं नाही. नोंदी मात्र कुणाच्या नावावर राहतात आणि पुढे कोण मागू शकतो, हे विचारायला हरकत नाही. दोघांची मिळून एकच फाइल असेल तर ती देताना दोघांची संमती मागतात का, हे पहिल्याच दिवशी सही करायच्या कागदावर सहसा लिहिलेलं असतं. सही करण्याआधी वाचा.

रानजाई

गुपितांचं मी सांगते. दोघांना एकदा एकेकटं बोलावतात. तिथे तुम्ही जे सांगाल ते पूर्ण गोपनीय असतं, जोडीदाराला कळत नाही. त्यामुळे निर्धास्त बोला.

चौथा_कोनाडा

हे अर्धंच खरं आहे, रानजाई, आणि हाच माझा तिसरा प्रश्न. एकेकट्या भेटीत सांगितलेलं बाहेरच्या जगाकडे सहसा जात नाही, हे बरोबर. जोडीदाराकडे जातं की नाही, हे त्या समुपदेशकाच्या धोरणावर अवलंबून आहे. काहीजण आधीच सांगतात: "मी कुणाचं गुपित सांभाळणार नाही. नात्यावर परिणाम करणारं काही कळलं तर ते तुम्ही स्वतः सांगावं म्हणून मी मदत करेन, आणि तुम्ही नकार दिलात तर मला थांबावं लागेल." काहीजण ठरावीक गोष्टी स्वतःपाशी ठेवतात. दोन्ही चालतं. धोरणच नसलेला माणूस मात्र चालत नाही.

नसलं तर काय होतं ते बघा. नवऱ्याने एकट्याच्या भेटीत सांगितलं की दुसरं नातं अजून चालू आहे. समुपदेशक गप्प राहिला. पुढच्या भेटीत बायको त्याच्यासमोर म्हणते, "हल्ली आम्ही जवळ येतोय." आता तो बोलला तर एकाचा विश्वासघात, नाही बोलला तर दुसरीचा. पुढे कधीतरी खरं बाहेर येतं, आणि बायकोला कळतं की खोलीतल्या तिघांपैकी दोघांना आधीपासून माहीत होतं.

तेव्हा फोनवर विचारा: "एकेकट्या भेटीत मी सांगितलेलं तुम्ही काय करता?" अडखळत उत्तर आलं तर पुढचं नाव घ्या.

रानजाई

अच्छा. मग एकेकटं भेटायचंच कशाला? सगळं समोरासमोर होऊ दे.

उंबरकाठ

एका कारणासाठी ती भेट टाळू नये. घरात मारहाण, धमक्या, पैसे अडवून धरणं, सतत पाळत असं काही असेल, तर ते भोगणारा माणूस त्या दुसऱ्यासमोर बोलू शकत नाही. समोर विचारलं तर "नाही, तसं काही नाही" असंच उत्तर येतं. म्हणून जाणकार समुपदेशक हा प्रश्न एकेकट्यालाच विचारतो आणि तो सरळ विचारतो: "कधी त्यांची भीती वाटली का? कधी ढकललं, मारलं, कोंडलं का? घरी गेल्यावर या बोलण्याची शिक्षा होईल असं वाटतं का?"

होय उत्तर आलं तर एकत्र भेटी सहसा तिथेच थांबवतात. खोलीत खरं बोललेलं घरी उलटतं, हे त्यामागचं कारण. अशा वेळी सुरक्षिततेची मदत आधी. मी हे काम जवळून पाहते, त्यामुळे आग्रहाने सांगते: हा प्रश्न कुणालाच न विचारता थेट "एकमेकांची स्तुती करा" सुरू करणारा माणूस निवडू नका.

तिरकस_कोन

आमच्याकडे तसं काही नाही, पण विचारतात हे कळलं ते बरं. नाहीतर कपाळावर आठ्या घेऊन बसलो असतो. पहिल्या भेटीपासून क्रमाने सांगाल का कुणी?

उंबरकाठ

बऱ्याच पद्धतींत पहिल्या तीन-चार भेटी म्हणजे फक्त माहिती काढणं असतं. इंटिग्रेटिव्ह बिहेवियरल पद्धतीत ते अगदी आखलेलं आहे: पहिली भेट दोघांची, मग एकेक भेट एकेकट्याची, आणि चौथी पुन्हा दोघांची, जिथे समुपदेशक आपल्याला काय समजलं ते मांडतो. गॉटमन पद्धतीतही जवळपास हाच क्रम असतो, वर दोघांनी वेगवेगळी भरायची लांब प्रश्नावली. इमोशनली फोकस्ड पद्धतीत सुरुवात थोडी सैल असते.

वेळ विचारून घ्या. एकट्याच्या थेरपीची पन्नास मिनिटांची भेट जोडप्याला तोकडी पडते, म्हणून पुष्कळजण सव्वा ते दीड तास ठेवतात. पहिली भेट लांब असलेली बरी.

पहिल्या भेटीत "काय बिनसलंय?" हे विचारतातच. पण गॉटमनवाले "तुम्ही भेटलात कसे, एकमेकांत काय आवडलं, लग्नाचं पहिलं वर्ष कसं होतं" इथूनही जातात. तुम्हाला वाटेल, वेळ काढतायत. खरं म्हणजे तुम्ही तो इतिहास कसा सांगता तिकडे त्यांचं लक्ष असतं. "आम्ही तेव्हा अडचणीत होतो" की "तिने तेव्हा अडचणीत आणलं"? जोडीदार बोलत असताना तुम्ही बघता कुठे?

चौथा_कोनाडा

अविश्वास असणाऱ्यासाठी पहिल्या भेटीतलं एक वाक्य मी सुचवतो. सुरुवातीलाच सांगा: "मला यात अर्थ वाटत नाही, बायकोच्या आग्रहाने आलोय." लपवू नका, लपवलं तर ते तिसऱ्या भेटीला कुजकेपणाने बाहेर पडतं. मग समुपदेशक काय करतो ते पाहा. चांगला माणूस समजावत बसणार नाही, विचारेल: "नक्की कशाबद्दल शंका आहे? इथे येऊन काय झालं तर तुम्हाला वेळ वाया गेला असं वाटणार नाही?" आणि तुमचं उत्तर लिहून ठेवेल. वाईट माणूस बायकोकडे वळून म्हणेल, "बघा, हाच अडथळा आहे." तिथे तुम्ही दोषी ठरलात आणि काम संपलं.

गव्हाची_ओंबी

मला इथे आमचं विचारायचंय, धागा भरकटला तर माफ करा. आमच्याकडे उलट आहे. नवरा सरळ म्हणतो की त्याला वेगळं व्हायचंय, आणि मी म्हणते नातं सावरायला जाऊ. तो एकदा यायला तयार आहे. अशात हे चार भेटींचं चालेल का?

उंबरकाठ

ओंबीताई, नाही चालत बहुधा. नेहमीचं समुपदेशन दोघांना नातं सुधारायचंय असं धरून चालतं. एक पाय बाहेर असलेल्याला गृहपाठ दिला की तो करत नाही, आणि मग "बघा, तो प्रयत्नच करत नाही" यावरच भांडण होतं.

तुमच्यासारख्यांसाठी विल्यम डोहर्टी यांनी बसवलेली वेगळी पद्धत आहे, डिसर्नमेंट काउन्सेलिंग. त्यात जास्तीत जास्त पाच भेटी असतात आणि दर भेटीनंतर पुढे यायचं की नाही हे पुन्हा ठरतं. दोघं एकत्र येतात, पण बराच वेळ समुपदेशक एकेकाशी वेगळं बोलतो. नातं सुधारणं हे त्यात उद्दिष्टच नाही. तीन वाटांपैकी एक स्पष्ट व्हावी इतकंच: आहे तसं राहणं, वेगळं होणं, किंवा सुमारे सहा महिने वेगळं व्हायचा विषय बाजूला ठेवून मनापासून समुपदेशन करणं. फोनवर "एकाला राहायचंय, एकाला जायचंय" हे सांगून विचारा की अशा जोडप्याला तुम्ही कसं घेता. नवऱ्याला "एकदा ये" म्हणण्यापेक्षा "वेगळं व्हायचं की नाही हे नीट ठरवायला ये" म्हटलं, तर ते खरंही आहे आणि त्याला फसवल्यासारखंही वाटणार नाही.

गव्हाची_ओंबी

हे शब्द उपयोगी आहेत. आभारी आहे. तो "ठरलंय माझं" म्हणतो तेव्हा काय, हा प्रश्न उरतोच.

उंबरकाठ

खरंच ठरलं असेल तर तेही तिथे स्पष्ट होतं. त्यावर माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

तिरकस_कोन

परत माझ्याकडे. समजा पैशावरून वाद आहे. मी भावाला रक्कम दिली आणि सांगितलं नाही. त्यावर समुपदेशक काय म्हणणार? चूक तुमची, हेच ना?

चौथा_कोनाडा

हेच उदाहरण घेऊ. निकाल हवा असलेल्यांचा इथेच हिरमोड होतो.

समुपदेशक विचारेल, "शेवटचं भांडण अगदी सुरुवातीपासून सांगा. पहिलं वाक्य कोण बोललं?" समजा असं निघालं: बायकोने बँकेचा संदेश पाहिला आणि विचारलं, "हे काय?" नवरा म्हणाला, "नंतर सांगतो." ती दाराशी आली: "नेहमीचंच, तुझं घर आधी आणि मी नंतर." तो टीव्हीचा आवाज वाढवतो. ती ओरडते. तो गाडी घेऊन दोन तास बाहेर. परत येतो तेव्हा ती बोलत नाही आणि त्याला वाटतं, संपलं एकदाचं. चार दिवसांनी दुसऱ्याच विषयावर तेच.

समुपदेशक आता प्रत्येक पायरीवर थांबवेल. "टीव्हीचा आवाज वाढवलात तेव्हा आत काय चाललं होतं?" तो म्हणेल, "काही नाही." हे उत्तर अपेक्षितच असतं, म्हणून पुढे विचारतील, "छातीत, पोटात काही?" बऱ्याचदा निघतं की तो घाबरलेला होता: बोललो तर वाढेल. आणि ती ओरडत होती कारण दार बंद होताना तिला वाटत होतं, मी याला नकोच आहे. म्हणजे तो गप्प बसतो कारण ती ओरडते, आणि ती ओरडते कारण तो गप्प बसतो. चौथ्या भेटीत समुपदेशकाने हे चक्र तुमच्याच शब्दांत कागदावर मांडायला हवं.

रक्कम द्यायला हवी होती का, याचा निर्णय तो देणार नाही. पण न सांगता दिली, हे तिला लागलं, हे तो झाकूही देणार नाही. "दोघांचंही थोडं चुकलं" म्हणून दोन्ही पारडी सारखी करणारा समुपदेशक मला आळशी वाटतो. चक्र दोघांचं असतं, लपवणं एकाचं असू शकतं.

रानजाई

मग पैशाचा प्रश्न सुटणार कधी? चक्र कळलं म्हणून भावाने रक्कम परत केली असं होत नाही.

उंबरकाठ

खरं आहे. गॉटमन यांचं म्हणणं असं की जोडप्यांच्या वादांतले सुमारे 69 टक्के कधीच पूर्ण सुटत नाहीत, कारण ते स्वभाव आणि गरजांमधल्या फरकातून येतात. आकडा दोन-चार टक्के इकडेतिकडे असला तरी काम कसं होतं ते त्यातून कळतं. भावाशी असलेली बांधिलकी सुटणार नाही. "ठरावीक रकमेच्या वर दिलं तर आधी सांगायचं" असा नियम बसू शकतो. पण तो नियम चक्र चालू असताना केला तर पहिल्याच मोडण्याला आणखी मोठं भांडण होतं. म्हणून क्रम असा ठेवतात.

तिरकस_कोन

ठीक. आता पुरावा. हे चालतं याला आधार काय?

चौथा_कोनाडा

अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि सहकाऱ्यांनी बरीच वर्षं त्रासात असलेली 134 विवाहित जोडपी घेऊन दोन पद्धतींची तुलना केली. जास्तीत जास्त 26 भेटी होत्या. थेरपी संपल्यावर पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा जवळपास निम्मी जोडपी सुरुवातीपेक्षा ठळकपणे बरी होती आणि सुमारे पाव हिस्सा विभक्त झाली होती. उरलेल्यांचं मधलंच. म्हणजे जादू नाही, पण फोलही नाही. आणि ती प्रशिक्षित, तपासले जाणारे थेरपिस्ट होते. शेजारच्या कुणा गप्पिष्ट समुपदेशकाला हा निकाल लागू होईलच असं नाही.

शाईपुसणं

निम्मी म्हणजे नाणं उडवल्यासारखंच झालं की.

चौथा_कोनाडा

नाणं उडवून कुणी पाच वर्षं बरं राहत नाही. तुलना करायची तर काहीच न करणाऱ्यांशी करा, आणि खूप त्रासात असलेली जोडपी आपसूक सुधारत नाहीत, हे दुसऱ्या अभ्यासांत दिसलेलं आहे. पण तुमची शंका मी पूर्ण उडवून लावत नाही.

उंबरकाठ

तिरकस_कोन, किती लवकर कळेल याचं उत्तर: चौथ्या भेटीला. तेव्हा या गोष्टी तपासा. तुमचं चक्र तुम्हाला ओळखीचं वाटेल अशा शब्दांत त्याने सांगितलं का? बायकोची बाजू तिला पटेल आणि तुमची तुम्हाला पटेल अशी मांडली का? आणि पुढे कशावर काम करणार, साधारण किती भेटी, कशावरून प्रगती समजायची, हे बोलला का?

त्याआधीच थांबवावं अशी एक खूण आहे. दोन भेटी सलग चाळीस मिनिटं तुम्ही भांडताय आणि समुपदेशक मान डोलावतोय, तर ते घरी फुकट होत होतं. त्याने मध्येच थांबवायला हवं. शेवटची पाच-दहा मिनिटं शांत व्हायलाही ठेवायला हवीत, नाहीतर उरलेलं भांडण गाडीत होतं. पहिले काही दिवस "भेटीवर उद्या संध्याकाळपर्यंत बोलायचं नाही" असं आधीच ठरवून ठेवा.

गुलबक्षी

आणि एकाचा समुपदेशकाशी सूर जुळला, दुसऱ्याचा नाही, तर?

उंबरकाठ

हे फार होतं, आणि गळती बहुतेक इथूनच सुरू होते. तिला वाटतं "किती समजून घेतात", त्याला वाटतं "दोघींची युती". तिसऱ्या भेटीपर्यंत वाट पाहू नका, खोलीतच म्हणा: "मला वाटतंय तुम्ही तिच्या बाजूने आहात." जो समुपदेशक हे ऐकून स्वतःचा बचाव करत नाही, "कुठल्या क्षणी वाटलं?" विचारतो, तो ठेवा. भेटींच्या मध्ये एकट्या जोडीदाराशी मोबाइलवर लांब संदेश चालवतो, तो नको. वेळ बदलणं वगैरे चालेल.

तिरकस_कोन

मग असं करतो. उद्या तिघांना फोन करतो: जोडपी किती, शिक्षण कुठे, गुपितांचं धोरण काय, पहिली भेट किती वेळाची. बायकोला चार भेटींचा शब्द देतो, आणि चौथ्यानंतर मी थांबायचं म्हटलं तर तिने कारण ऐकून घ्यायचं. ही अट रास्त आहे ना?

रानजाई

पण तिने थांबायचं म्हटलं तर?

तिरकस_कोन

हे मी धरलंच नव्हतं. तिला विचारतो.